स्टॉकची फाइल एक, हात तीन: नावं आणि आवृत्त्यांचे नियम

दुकानाची स्टॉकची फाइल एकाच माणसाकडे असते तोवर तिचं नाव `stock.xlsx` असलं तरी चालतं. ती काउंटर, गोडाऊन आणि हिशेब अशी तीन ठिकाणी फिरायला लागली की महिन्याभरात फोल्डरमध्ये `stock (1).xlsx`, `stock new.xlsx`, `stock final.xlsx` आणि `stock final 2.xlsx` जमा होतात. त्यातली खरी कोणती हे विचारलं तर प्रत्येक जण वेगळ्या फाइलकडे बोट दाखवतो.

हा लेख अशाच लहान व्यवसायासाठी आहे. उदाहरणाला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान घेऊ: काउंटरवर एक संगणक, गल्लीच्या टोकाला गोडाऊन आणि तिथे एक लॅपटॉप, आणि संध्याकाळी येऊन हिशेब बघणारी एक व्यक्ती. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही, सगळं एक्सेलमध्ये.

नोंद पुसली जाते ती कशी

आधी रोग नीट बघू, म्हणजे नियम कशासाठी आहेत ते कळेल. १.५ चौरस मिलिमीटरच्या लाल वायरची ९० मीटरची कॉइल घ्या. सकाळी फाइलमध्ये शिल्लक ४२ आहे. गोडाऊनवाल्याने ती फाइल व्हॉट्सअॅपवर मागवून आपल्या लॅपटॉपवर उतरवली. दुपारी टेम्पोतून २० कॉइल उतरल्या, त्याने ४२ खोडून ६२ लिहिलं. दरम्यान काउंटरवरून ५ कॉइल विकल्या गेल्या, तिथल्या माणसाने दुकानातल्या फाइलमध्ये ४२ चे ३७ केले आणि फाइल सेव्ह केली. संध्याकाळी गोडाऊनची फाइल दुकानाच्या संगणकावर आली. विंडोजने विचारलं की या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? कोणीतरी `Replace the file in the destination` वर क्लिक केलं.

आता फाइल सांगते ६२. रॅकवर कॉइल आहेत ५७. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं, तरी ५ कॉइल ‘गायब’ आहेत आणि संशय जातो काउंटरवरच्या पोरावर. शिवाय प्रश्न फक्त वायरचा नाही. त्या दिवशी काउंटरवरून जे जे विकलं गेलं, त्या सगळ्याची वजाबाकी त्या एका क्लिकने नाहीशी झाली.

अशी गडबड ओळखण्याची खूण आहे. एकाच मालात थोडाफार फरक आला तर मोजणीत चूक किंवा तुटफूट असू शकते. पण पाच-सात वेगवेगळ्या मालांत फरक असेल, आणि तो फरक एखाद्या दिवसाच्या बिलांशी किंवा एखाद्या चलनाशी नगाला नग जुळत असेल, तर माल कुठेही गेलेला नाही. एका फाइलने दुसरीला खाल्लंय. कोणावर आरोप करण्याआधी त्या आठवड्याची बिलं काढून हे ताडून बघा, एवढं तरी आपण आपल्या माणसांसाठी करायलाच हवं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एक्सेल फाइल बदलते ती अख्खी बदलते. शेवटी ठेवलेली फाइल राहते आणि आधीची जाते. दुसरी, आणि माझ्या मते मोठी, म्हणजे दोघांनीही शिल्लक लिहिली. ‘६२’ आणि ‘३७’ हे आकडे एकमेकांना मिळवता येत नाहीत. त्यांनी ‘२० आले’ आणि ‘५ गेले’ एवढंच लिहिलं असतं, तर कोणी आधी लिहिलं आणि कोणी नंतर याने काहीच बिघडलं नसतं. म्हणून नुसती नावं बदलून भागत नाही. फाइलींची विभागणी, नोंदीची पद्धत आणि नावं हे तिन्ही एकत्र बसवावं लागतं.

पायरी १: लिहिण्याच्या फाइली वेगळ्या करा

नियम असा: एका फाइलीत एकाच जागेवरून लिहायचं. काउंटरची नोंद काउंटरच्या फाइलीत, गोडाऊनची गोडाऊनच्या फाइलीत. मुख्य फाइलीला हात फक्त हिशेब बघणारी व्यक्ती लावते. बाकीच्यांनी ती उघडून बघावी, लिहू नये.

```
STOCK_MUKHYA_FY2526.xlsx
NOND_KAUNTER_2025-11.xlsx
NOND_GODOWN_2025-11.xlsx
JUNE/
```

मुख्य फाइलीचं नाव वर्षभर बदलत नाही. तिला तारीख नाही, आवृत्तीचा क्रमांक नाही. ‘सध्याची फाइल कोणती’ या प्रश्नाला कायम एकच उत्तर हवं आणि ते उत्तर म्हणजे हे नाव. नोंदीच्या फाइली महिन्याला एक, म्हणजे त्या लहान राहतात आणि महिना संपला की बंद होतात. `JUNE` म्हणजे जून महिना नव्हे, ‘जुने’: या फोल्डरमध्ये जुन्या प्रती जातात, त्याबद्दल पुढे.

काउंटरवर दोन संगणक असतील तर `KAUNTER1` आणि `KAUNTER2` अशा दोन फाइली करा. एकाच संगणकावर पाळीपाळीने दोघं बसत असतील तर फाइल एकच पुरे, फक्त प्रत्येक ओळीत लिहिणाऱ्याचं नाव यायला हवं.

पायरी २: नावं कशी लिहायची

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, शून्यासकट: `2025-11-04`. आपण बोलताना आणि बिलावर ४-११-२०२५ असं लिहितो, पण फाइलच्या नावात तसं लिहिलं की नावाप्रमाणे लावल्यावर सगळ्या महिन्यांच्या ४ तारखा एका ठिकाणी येतात. वर्ष आधी आलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. तिरकी रेघ तर विंडोज नावात घेतच नाही. `\ / : * ? " < > |` ही नऊ चिन्हं वर्ज्य आहेत. म्हणून वेळ लिहिताना सुद्धा `19:30` नाही, `1930`.

आर्थिक वर्षासाठी `FY2526` असं जोडून लिहा. `2025-26` लिहिण्याची सवय हिशेबनिसांना असते, पण वर्ष-महिना पद्धतीच्या शेजारी ते घोळाचं आहे. २०११-१२ हे आर्थिक वर्ष की डिसेंबर २०११, हे जुन्या फाइली चाळणाऱ्याला आठवून आठवून ठरवावं लागतं.

नावात मोकळी जागा नको, तिथे `_` वापरा. फाइलीच्या आत मराठी बिनधास्त लिहा, मी तसंच लिहिते. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा, कारण एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा झिप करण्याचं साधन देवनागरी नावाची चौकोनं करून टाकतं. शिवाय संगणकाच्या लेखी `२०२५` आणि `2025` हे वेगळे आकडे आहेत. अर्ध्या फाइली एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने असल्या तर त्या एका रांगेत लागतील याचा भरवसा नाही.

`final`, `new`, `latest`, `navin` हे शब्द नावात कधीच नकोत. ते लिहिताना खरे असतात आणि दुसऱ्या दिवशी खोटे होतात.

पायरी ३: शिल्लक लिहायची नाही, नोंद लिहायची

नोंदीच्या दोन्ही फाइलींत आणि मुख्य फाइलीतल्या `Nond` नावाच्या पानावर स्तंभ अगदी तेच, त्याच क्रमाने हवेत: नोंद क्रमांक, तारीख, माल कोड, आवक की जावक, नग, बिल किंवा चलन क्रमांक, नाव. नग आवकेला अधिक आणि जावकेला उणे. वरच्या उदाहरणातला दिवस असा दिसेल:

```
S-0017  2025-04-01  WR15-LAL  arambh   42  -       SM
G-0118  2025-11-14  WR15-LAL  aavak    20  CH-771  GD
K-0412  2025-11-14  WR15-LAL  javak    -5  B-2290  KN
```

क्रमांकाआधीचं K म्हणजे काउंटरची नोंद, G म्हणजे गोडाऊनची आणि S म्हणजे थेट मुख्य फाइलीत केलेली. उदाहरण सोपं राहावं म्हणून वर्षाच्या आरंभाची शिल्लकच ४२ धरली आहे आणि मधल्या नोंदी सोडल्या आहेत. मुख्य फाइलीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मालाची एक ओळ असते आणि शिल्लकीच्या रकान्यात हे सूत्र:

```
=SUMIFS(Nond!E:E, Nond!C:C, A2)
```

`A2` मध्ये माल कोड आहे. सूत्र त्या कोडचे सगळे नग मिळवतं. ४२ अधिक २० उणे ५, म्हणजे ५७. गोडाऊनची ओळ आधी आली काय, काउंटरची आधी आली काय, उत्तर ५७च. या रकान्यात कोणीही हाताने आकडा टाइप करायचा नाही, कारण टाइप केला की तिथलं सूत्र जातं आणि त्या मालाची शिल्लक कायमची गोठते. `Review` मधल्या `Protect Sheet` ने ते पान बंद करून ठेवलेलं बरं.

नोंद चुकली तर ओळ खोडायची नाही, उलट नोंद करायची. ५ ऐवजी ८ कॉइल लिहिल्या गेल्या असतील तर खाली नवी ओळ: अधिक ३, आणि बिल क्रमांकाच्या जागी तोच जुना क्रमांक. हा नियम जाचक वाटतो, पण खोडलेली ओळ मुख्य फाइलीत आधीच गेलेली असू शकते. मग एका फाइलीत ८ आणि दुसरीत ५, आणि बदल कधी झाला याचा पुरावा कुठेच नाही.

माल कोडबद्दल थोडं सविस्तर, कारण नवखे लोक इथेच अडखळतात. ‘वायर १.५ लाल’, ‘लाल वायर १.५’ आणि ‘1.5 red wire’ हे तीन वेगळे माल आहेत असंच सूत्र समजतं. म्हणून कोड ठरवा, तो बदलू नका, आणि माल बंद झाला तरी तो कोड दुसऱ्या मालाला देऊ नका. कोड अक्षराने सुरू होऊ दे. नुसत्या आकड्यांचा `0075` लिहिला तर एक्सेल पुढची शून्यं टाकून ७५ करतं. `3-12` ची तारीख होते. `MAR1` किंवा `DEC1` सारखा कोड तर अक्षराने सुरू होऊनही तारीख बनतो. शास्त्रज्ञसुद्धा यातून सुटले नाहीत: मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये `MARCH1` चं `MARCHF1` आणि `SEPT1` चं `SEPTIN1` केलं, एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं म्हणून. कोडच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही घातक, ती डोळ्यांना दिसत नाही आणि सूत्राला मात्र वेगळा माल दिसतो. टाइप करण्यापेक्षा `Data Validation` ची यादी लावून कोड निवडायला दिला की हे बहुतेक प्रश्न मिटतात.

पायरी ४: संध्याकाळची जुळणी

वेळ ठरवा, समजा साडेसात. त्या वेळी हिशेब बघणारी व्यक्ती सगळ्यांत आधी मुख्य फाइलीची प्रत `JUNE` मध्ये ठेवते:

```
STOCK_2025-11-14_1930_SM.xlsx
```

तारीख, वेळ, कोणी ठेवली. प्रत जुळणीच्या आधी घ्यायची, नंतर नाही, कारण बिघाड झाला तर जुळणी करतानाच होणार आहे. प्रत करताना मुख्य फाइल बंद ठेवून फोल्डरमध्येच कॉपी-पेस्ट करा. फाइल उघडून `Save As` केलं तर स्क्रीनवर नवी प्रत उघडी राहते. ते लक्षात आलं नाही तर पुढची सगळी जुळणी जुन्या प्रतीत होते आणि मुख्य फाइल कोरडी राहते. कॉपी झाल्यावर त्या प्रतीच्या `Properties` मध्ये `Read-only` वर खूण करा.

मग मुख्य फाइलीत काउंटरचा शेवटचा क्रमांक बघायचा. तो K-0398 असेल तर काउंटरच्या फाइलीतून K-0399 पासून पुढच्या ओळी उचलून `Nond` पानाच्या तळाला चिकटवायच्या. गोडाऊनचंही तसंच. काउंटरच्या फाइलीत ‘घेतलं’ अशी खूण करायची गरज नाही आणि करूही नये, नाहीतर एका फाइलीत दोन हात हा प्रकार पुन्हा सुरू होतो. कुठवर आलो हे मुख्य फाइलीलाच माहीत असतं. नोंद क्रमांक १ एप्रिलपासून एका ओळीत वाढत जातो; महिना बदलला, फाइल बदलली, तरी क्रमांक पुन्हा १ वर येत नाही.

या क्रमांकांचा खरा उपयोग आता. जुळणी झाल्यावर एका कोपऱ्यात हे सूत्र बघा:

```
=COUNTIF(Nond!A:A, "K-*")
```

शेवटचा क्रमांक K-0412 आहे तर उत्तर ४१२ यायला हवं. ४११ आलं तर एक ओळ राहिली. ४२६ आलं तर काही ओळी दोनदा चिकटल्या. कोणत्या, ते शोधायला `Nond` च्या शेजारच्या रिकाम्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे हे:

```
=COUNTIF(A:A, A2)
```

जिथे १ पेक्षा मोठा आकडा येईल ती ओळ दुबार आहे. एक ओळ राहिली आणि दुसरी दुबार झाली तर वरची बेरीज योगायोगाने जुळू शकते, म्हणून दोन्ही तपासण्या करा. पाच मिनिटांचंही काम नाही. दुबार ओळी या जुळणीत चिकटलेल्या असल्याने त्या काढायला हरकत नाही. गोंधळ मोठा असेल तर मुख्य फाइल टाकून साडेसातची प्रत कॉपी करून परत आणा, तिला मुख्य फाइलीचं नाव द्या, `Read-only` ची खूण काढा आणि नव्याने जुळवा. मूळ नोंदी काउंटर आणि गोडाऊनच्या फाइलींत जशाच्या तशा आहेत, काही हरवत नाही.

रोजच्या प्रती महिनाभर ठेवून काढून टाका, महिन्याच्या शेवटच्या दिवसाची मात्र कायम ठेवा.

आवृत्तीचा क्रमांक कधी द्यायचा

रोज बदलतो तो मजकूर, आणि त्याची ओळख तारखेने होते. `v1`, `v2` हे क्रमांक फक्त आराखड्यासाठी ठेवा. समजा डिसेंबरपासून ‘रॅक क्रमांक’ हा नवा स्तंभ हवा आहे. तो एका फाइलीत घातला आणि दुसरीत नाही, तर चिकटवताना नगांच्या जागी बिल क्रमांक येतील. म्हणून कोऱ्या फाइलीचा नमुना `NOND_NAMUNA_v02.xlsx` असा ठेवा, शून्यासकट, म्हणजे पुढे `v10` आला तरी सगळीकडे क्रम नीट लागेल. नवा स्तंभ महिन्याच्या मध्ये घालायचा नाही; १ तारखेला दोन्ही नोंद-फाइली नव्या नमुन्यातून बनतात, आणि मुख्य फाइलीत तो स्तंभ आदल्या रात्रीच घातलेला असतो. नवा स्तंभ नेहमी उजव्या टोकाला, म्हणजे सूत्रांतले स्तंभ हलत नाहीत.

फाइल ठेवायची कुठे

दुकानातल्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये कोणी फाइल उघडली की शेजारी `~$` ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल तयार होते. दुसऱ्याने तीच फाइल उघडली तर एक्सेल `File in Use` असं सांगून फक्त वाचायला देतं. हे कुलूप उपयोगी आहे. मात्र ‘वाचायला’ उघडलेल्या फाइलीत लिहून ती वेगळ्या नावाने सेव्ह करण्याचा मोह टाळा, दुसरी फाइल जन्माला येते ती अशीच.

ड्रॉपबॉक्स, ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये प्रत्येक संगणकावर स्वतःची प्रत असते, म्हणून तिथे या कुलपावर विसंबू नका. दोघांचे बदल एकमेकांवर आदळले तर ड्रॉपबॉक्स नावात `conflicted copy` घालून दुसरी फाइल ठेवतो. वनड्राइव्ह नावामागे संगणकाचं नाव जोडतो. अशी फाइल दिसली तर लगेच पुसू नका. तिच्यातल्या ओळी नोंद क्रमांकाने मूळ फाइलीशी ताडा, राहिलेल्या घ्या, मग ती `JUNE` मध्ये टाका.

व्हॉट्सअॅपवर एक्सेल फाइल पाठवणं बंद करा. पाठवलेली फाइल ही त्या क्षणाची प्रत असते आणि ती परत आली की वरचं ४२ चं प्रकरण पुन्हा घडतं. कोणाला शिल्लक बघायची असेल तर पीडीएफ पाठवा, त्यात कोणी लिहून परत पाठवत नाही.

गूगल शीट्स वापरत असाल तर

इंटरनेट भरवशाचं असेल तर तिघं एकाच शीटमध्ये एकाच वेळी लिहू शकतात आणि अख्खी फाइल खाल्ली जाण्याचा धोका जातो. तरी एकाच चौकटीत दोघांनी लिहिलं तर नंतरचं राहतं, म्हणून काउंटर आणि गोडाऊनची पानं वेगळीच ठेवा आणि `Protect sheets and ranges` मधून प्रत्येक पान त्या त्या माणसालाच लिहायला द्या. क्रम बदलून बघायचं असेल तर `Filter view` वापरा. नुसतं सॉर्ट केलं की ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलतं, आणि ज्याची नोंद अर्धी झाली होती त्याचा हात दुसऱ्याच ओळीत पडतो. संध्याकाळच्या प्रतीऐवजी `Version history` मध्ये त्या वेळच्या आवृत्तीला `2025-11-14_1930_SM` असं नाव द्या. एका शीटमध्ये मोजक्याच आवृत्त्यांना नाव देता येतं, म्हणून जुनी नावं काढत चला.

एक फरक लक्षात ठेवा. ड्राइव्हवर शीट न बनवता नुसती `.xlsx` फाइल चढवली असेल तर तिच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर काढल्या जाऊ शकतात. हवी असलेली आवृत्ती `Keep forever` करावी लागते.

३१ मार्च

वर्ष बदलताना सगळा माल हाताने मोजा. मोजणी आणि फाइल यांत फरक आला तर तो शिल्लकीत गुपचूप घालू नका. ‘तफावत’ या प्रकाराची ओळ, S-क्रमांकाने, कारणासकट लिहा. मग मुख्य फाइल बंद, `Read-only`. १ एप्रिलला `STOCK_MUKHYA_FY2627.xlsx` नव्या नमुन्यातून, तिच्यात प्रत्येक मालाची एक ‘आरंभ’ ओळ, आणि K व G चे क्रमांक पुन्हा ०००१ पासून. काउंटरच्या संगणकावर डेस्कटॉपवर जुन्या फाइलीचा शॉर्टकट असतो, तो त्याच सकाळी काढून नव्या फाइलीचा ठेवा. एप्रिलचे पहिले व्यवहार मार्चच्या फाइलीत जातात ते बहुतेक त्या शॉर्टकटमुळे.